दोनदा कापले गेलेले पैसे आणि खजिनदारांना लिहिलेलं पत्र

कुडाळला डिसेंबरात भरणाऱ्या एका संगीत महोत्सवाची तीन तिकिटं मी घरबसल्या मोबाइलवरून काढली: माझं, सासूबाईंचं आणि धाकट्या नणंदेचं. तिकीट ४५० रुपयांचं, म्हणजे तिघींचे १,३५०. त्यावर ४० रुपये ५० पैसे सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी ७ रुपये २९ पैसे. एकूण १,३९७ रुपये ७९ पैसे. एवढी रक्कम खात्यातून गेली आणि सात मिनिटांनी पुन्हा तेवढीच गेली. तिकिटं मात्र तीनच आली.

आमच्या आचऱ्याला संध्याकाळी रेंजचा भरवसा नसतो. यूपीआयचा पिन टाकल्यावर चक्र फिरत राहिलं, मग तिकिटाच्या पानावर ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं. बँकेचा मेसेजही आला नव्हता. त्या सूचनेप्रमाणे मी पुन्हा पैसे भरले, तिकिटं ईमेलवर आली, आणि थोड्या वेळाने बँकेचे दोन मेसेज एकापाठोपाठ येऊन पडले. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दोनदा घेतल्यानी? मगे एकदाचे परत दी म्हणान सांग तेंका.” मागणी एवढीच होती. पण ‘तेंका’ म्हणजे नेमकं कोणाला सांगायचं, हे आधी शोधावं लागलं. आयोजकांना लिहिलेल्या पत्राला जे यश आलं, त्याचं निम्मं श्रेय मी या शोधाला देते.

दोनदा पैसे कापले जातात तेव्हा त्यातली जास्तीची रक्कम दोनपैकी एका ठिकाणी असते. एक तर ती बँकांच्या मधे अडकलेली असते, म्हणजे आपल्या खात्यातून गेली पण समोरच्याला पोचली नाही. हा अयशस्वी व्यवहार. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे: दुकानदाराला किंवा संस्थेला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा झाले आणि समोर पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि तीही न मागता मिळायला हवी. अशा वेळी आयोजकांना पत्र लिहून उपयोग नाही. पैसे त्यांच्याकडे नसतातच.

दुसरी शक्यता अशी, की दोन्ही व्यवहार यशस्वी झाले आहेत आणि दोन्ही रकमा आयोजकांच्या बाजूला जमा आहेत. तेव्हा हे परिपत्रक कामाचं नाही, कारण बँकेच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही. तुम्ही पैसे पाठवले, ते पोचले, विषय संपला. ते परत देणं आयोजकांच्याच हातात असतं.

हे ओळखायला यूपीआय ॲपमधला व्यवहारांचा इतिहास उघडायचा. माझ्या इतिहासात दोन ओळी होत्या आणि दोन्हींसमोर ‘यशस्वी’ लिहिलेलं होतं. प्रत्येक व्यवहाराच्या तपशिलात बारा अंकी यूटीआर क्रमांक असतो. हा क्रमांक आपली बँक, समोरची बँक आणि पैसे स्वीकारणारा पेमेंट गेटवे या तिघांकडेही सापडतो, म्हणून पुढच्या सगळ्या बोलण्यात तोच आधार. तरीही मी पाच दिवस थांबले. महोत्सव तीन आठवड्यांवर होता, तेव्हा घाई नव्हती, आणि पैसे आपोआप आले असते तर कोणाला त्रास द्यायची गरजच उरली नसती. कार्यक्रम दोन दिवसांवर असता तर मी त्याच रात्री लिहिलं असतं.

पाच दिवसांत काही आलं नाही. आमच्या शाखेत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या ताईंनी दोन्ही यूटीआर टाकून पाहिले आणि सांगितलं, “दोन्ही समोर जमा झालेत. आमच्याकडून परत येण्यासारखं काही नाही. पार्टीला विचारा, नाही दिले तर मग इथे वाद नोंदवू.” त्यांनी सांगितलेला क्रम मला पटला. आयोजकांकडे मागणी आणि बँकेत वाद, दोन्ही एकदम केलं तर तीच रक्कम दोन वाटांनी परत निघू शकते आणि मग हिशेबाचा आणखी गुंता होतो.

आता पत्र. पण त्याआधी एक गोष्ट तपासली, जी माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची आहे: दोन व्यवहारांपैकी जास्तीचा कोणता?

सहज कोणीही म्हणेल, दुसरा. माझ्या बाबतीत जास्तीचा होता पहिला. तिकिटाच्या ईमेलमध्ये पैसे भरल्याची वेळ रात्री ९ वाजून २१ मिनिटं होती, म्हणजे तिकिटं दुसऱ्या व्यवहाराला जोडलेली होती. ९ वाजून १४ मिनिटांचा पहिला व्यवहार वेळेत उत्तर न आल्यामुळे पानाने अयशस्वी धरला होता. नंतर बँकेकडून त्याचं ‘यशस्वी’ असं उत्तर उशिरा पोचलं आणि पैसे जमा झाले, पण तोवर त्या प्रयत्नाचं बुकिंग रद्द झालेलं होतं. पत्रात मी ‘दुसऱ्यांदा कापलेले पैसे परत करा’ असं लिहिलं असतं, तर समोरच्या माणसाने अगदी सरळ मनाने ९.२१चा व्यवहार परत केला असता. अनेक ठिकाणी पैसे परत केले की त्याला जोडलेलं तिकीट रद्द होतं. मग कुडाळला दारावर क्यूआर कोड लाल दिसला असता आणि सासूबाईंना घेऊन मी बाहेर उभी राहिले असते.

याच्या जोडीला हेही पाहायचं, की दुसरी तिकिटं खरंच निघालेली नाहीत ना. ईमेलचा स्पॅम फोल्डर, एसएमएस, संकेतस्थळावरचं आपलं खातं, सगळं बघायचं. दोनदा पैसे आणि दोनदा तिकिटं असा प्रकार असेल तर मागणी वेगळी होते. तेव्हा तीन खुर्च्या आपल्या नावावर अडकलेल्या असतात आणि त्या शक्य तितक्या लवकर मोकळ्या केल्याचं लिहून द्यावं लागतं. कार्यक्रम होऊन गेल्यावर मागितलं, तर ‘तुमच्यासाठी जागा राखली होती’ हे आयोजकांचं म्हणणं खोटं म्हणता येत नाही.

मी लिहिलेलं पत्र खाली देते आहे. नावं, पूर्ण क्रमांक आणि संपर्क काढले आहेत, बाकी मजकूर तोच.

*विषय: एकाच बुकिंगसाठी दोनदा आकारलेल्या रकमेपैकी ₹१,३९७.७९ परत मिळण्याबाबत. तिकिटं कायम ठेवावीत.*

*मा. खजिनदार यांस,*
*सप्रेम नमस्कार.*

*आपल्या महोत्सवाच्या पहिल्या दिवसाची तीन तिकिटं मी २८ नोव्हेंबर रोजी रात्री आपल्या संकेतस्थळावरून काढली. त्या वेळी माझ्या खात्यातून एकाच रकमेचे दोन व्यवहार झाले आणि दोन्ही यशस्वी झाले आहेत.*

*पहिला व्यवहार: रात्री ९.१४, ₹१,३९७.७९, यूटीआर क्रमांक …. या व्यवहाराचं तिकीट मिळालेलं नाही. त्या वेळी संकेतस्थळावर ‘पेमेंट अयशस्वी’ असा संदेश आला होता.*

*दुसरा व्यवहार: रात्री ९.२१, ₹१,३९७.७९, यूटीआर क्रमांक …. या व्यवहाराची तीन तिकिटं मिळाली आहेत, बुकिंग क्रमांक …. ही तिकिटं आम्ही वापरणार आहोत, ती कृपया रद्द करू नयेत.*

*माझ्या बँकेने दोन्ही रकमा आपल्या बाजूला जमा झाल्याचं सांगितलं आहे. पाच दिवस वाट पाहूनही पहिल्या व्यवहाराची रक्कम आपोआप परत आलेली नाही. तरी ९.१४च्या व्यवहाराची पूर्ण रक्कम, सुविधा शुल्क आणि त्यावरील करासह, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात पेमेंट गेटवेमार्फत परत करावी ही विनंती. हे तिकीट रद्द करण्याचं प्रकरण नसून एकाच खरेदीसाठी दोनदा घेतल्या गेलेल्या रकमेचं आहे.*

*बुकिंगच्या यादीत हा व्यवहार कदाचित दिसणार नाही, कारण त्याचं तिकीट निघालेलं नाही. गेटवेच्या पेमेंटच्या यादीत २८ नोव्हेंबरच्या तारखेला रक्कम, यूटीआर किंवा माझा मोबाइल क्रमांक यावरून तो सापडेल.*

*सोबत बँकेच्या उताऱ्याचं संबंधित पान, दोन्ही व्यवहारांचे ॲपमधील तपशील आणि तिकिटाची प्रत जोडली आहे. १२ डिसेंबरपर्यंत परतीची प्रक्रिया सुरू करून तिचा संदर्भ क्रमांक कळवावा.*

*आपली विश्वासू,*
*(नाव, मोबाइल क्रमांक, बुकिंगसाठी वापरलेला ईमेल)*

या पत्रातल्या काही ओळी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत.

विषयाच्या ओळीतच ‘तिकिटं कायम ठेवावीत’ आहे, कारण गर्दीच्या दिवसांत आलेला ईमेल कित्येकदा विषयापलीकडे वाचला जात नाही. ‘परतावा हवा’ एवढंच वाचून तिकीट रद्द करणारा हात कुठे तरी असतो.

पैशांची ओळ पैशांसकट लिहिली. ‘सुमारे चौदाशे’ असं लिहून चालत नाही. ७९ पैसे ही या रकमेची खूण आहे, तिने शोध पटकन लागतो. आणि बँकेच्या उताऱ्यावर महोत्सवाचं नावच नव्हतं. तिथे गेटवे चालवणाऱ्या कंपनीचं नाव आणि पुढे आकड्यांची माळ होती. असं अनोळखी नाव पाहून कोणी फसवणूक झाली असं समजून घाबरतं. म्हणून उताऱ्यातल्या त्या दोन ओळींना मी लाल चौकट केली आणि बाजूला लिहिलं, ‘हेच ते दोन व्यवहार’.

उताऱ्याचं पान जोडताना बाकीच्या ओळी, शिल्लक आणि खाते क्रमांक झाकले, शेवटचे चार अंक तेवढे ठेवले. तिकिटाच्या प्रतीवरचा क्यूआर कोडही झाकला. हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही, पण तो कोड ज्याच्या हातात आधी पडेल तो आत जाऊ शकतो, आणि आपण ती प्रत एखाद्या संस्थेच्या सामाईक ईमेलवर पाठवत असतो. बुकिंग क्रमांक पुरेसा आहे.

‘हे तिकीट रद्द करण्याचं प्रकरण नाही’ ही ओळ तर मी आधीच घातली होती, आणि तिचीच पुढे गरज पडली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आमच्या नियमांनुसार एकदा घेतलेली तिकिटं परत घेतली जात नाहीत व पैसे परत मिळत नाहीत.’ तयार मजकूर होता, कोणीतरी चिकटवून पाठवलेला. मला राग आला, हे खरं. पण पाठवणारा बहुधा बारावी-कॉलेजातला एखादा स्वयंसेवक असणार, त्याच्यावर चिडून काय साधणार? मी त्याच ईमेलला उत्तर दिलं, म्हणजे आधीचं पत्र खाली दिसत राहील, आणि चार ओळी लिहिल्या. हा नियम मला मान्य आहे आणि माझी तिकिटं मी परत करत नाही. ज्या व्यवहाराचं तिकीटच निघालं नाही त्याला तो नियम लागू होऊ शकत नाही. चुकून दिले गेलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे, असं भारतीय करार कायदा १८७२चं कलम ७२ सांगतं. कृपया हा ईमेल खजिनदारांना दाखवावा.

कायद्याचं कलम पहिल्याच पत्रात लिहायचं मी टाळलं होतं. तालुक्यातली मंडळी हौसेने महोत्सव करतात, वर्गणी गोळा करतात, रात्री जागून मांडव घालतात. त्यांना पहिल्याच दमात कलम दाखवणं मला बरं वाटलं नाही. नियम दाखवून नकार दिल्यावर मात्र कलम लिहायलाच हवं.

त्या संध्याकाळी खजिनदारांचाच फोन आला. निवृत्त गृहस्थ, आवाजात मार्दव. “ताई, मी आमचं पासबुक आणि बुकिंगची यादी दोन्ही बघितली. तुमचं एकच बुकिंग दिसतंय. आणि पासबुकात तर १,३९७ अशी रक्कमच नाही.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. बुकिंगची यादी फक्त निघालेली तिकिटं दाखवते. आणि पासबुकात एकेका प्रेक्षकाची रक्कम येतच नाही: गेटवे दिवसभरात जमा झालेले पैसे एकत्र करून, आपली फी कापून, एक-दोन दिवसांनी एकच गोळा रक्कम संस्थेच्या खात्यात टाकतो. त्या गोळा रकमेत माझे पैसे दोनदा मिसळलेले होते, पण वरून पाहून ते कळणं शक्य नव्हतं.

“काका, गेटवेचं खातं कोण बघतं?” मी विचारलं.

“तो आमचा पुतण्या. पुण्याला असतो.”

“त्याला सांगाल का, बुकिंगची यादी नको, पेमेंटची यादी उघड म्हणावं. अठ्ठावीस तारीख, रात्री नऊ ते साडेनऊ. माझ्या मोबाइल नंबरावर दोन ओळी दिसतील. एकीसमोर बुकिंग असेल, दुसरीसमोर नसेल.”

रात्री उशिरा त्या पुतण्याचाच मेसेज आला. ९.१४ची ओळ सापडली होती, पैसे स्वीकारल्याची नोंद होती, बुकिंगचा रकाना रिकामा. त्याने पुढे लिहिलं होतं की त्या तारखेच्या आसपास अशा आणखी काही ओळी दिसताहेत, त्यांचंही तो बघतो. मला हे वाचून फार बरं वाटलं. मालवण-देवगडकडच्या कोणाकोणाचे पैसे असे अडकले असतील आणि कदाचित त्यांनी बँकेचा मेसेज नीट पाहिलाही नसेल.

मग आला कपातीचा मुद्दा. काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “ताई, तिकिटाचे १,३५० लगेच देतो. ते ४७ रुपये ७९ पैसे सुविधा शुल्काचे आहेत, ते परत होत नाहीत असं आमच्या पानावर लिहिलंय. चालेल ना?”

रक्कम छोटी, आणि त्यांची अडचणही खरी. पैसे परत केले तरी गेटवे पहिल्यांदा कापलेली आपली फी बहुधा परत देत नाही, म्हणजे तेवढी झळ संस्थेला बसते. तरीही मी नाही म्हटलं. सुविधा शुल्क हे तिकीट काढून देण्याच्या सुविधेचं असतं. ९.१४च्या व्यवहारात ती सुविधा मिळालीच नव्हती, तिकीट निघालंच नव्हतं. आणि चूक पानाच्या रचनेची होती. बँकेचं अंतिम उत्तर येण्याआधीच त्याने ‘अयशस्वी’ म्हणून टाकलं आणि पुन्हा पैसे भरायला लावले. गेटवेशी भांडायचा अधिकार संस्थेला आहे, मला नाही. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” नाही म्हणताना मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण तेवढं अवघडलेपण सोसायला हवं. एकेकाने ‘जाऊ दे’ म्हटलं की तेच पुढच्यांसाठी नियम होऊन बसतं.

आणखी एक प्रस्ताव त्यांनी मनापासून दिला. “मी माझ्या नंबरवरून आत्ताच तुम्हाला पाठवून देतो, कशाला वाट बघताय?” तेही मी नम्रपणे नाकारलं. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत यावेत, दुसरी वाट ग्राहकाने मान्य केली तरच वापरावी, असा रिझर्व्ह बँकेचा पेमेंट स्वीकारणाऱ्या कंपन्यांसाठीचा नियम आहे. मी हो म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मग गेटवेच्या यादीत ९.१४ची ओळ ‘पैसे स्वीकारले’ अशीच उभी राहिली असती, पुढे पुतण्याने अशा सगळ्या ओळी निस्तरताना मला पुन्हा पैसे गेले असते, आणि काकांच्या खिशातून गेलेले पैसे संस्थेच्या हिशेबात कुठेच बसले नसते. गेटवेमधून परत केलं की मूळ व्यवहार आणि परतीचा व्यवहार एकमेकांना जोडलेले राहतात, ऑडिटला कोणी प्रश्न विचारत नाही.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. काकांचा फोन मी उचलला तो त्यांचा नंबर महोत्सवाच्या छापील पत्रिकेवर होता म्हणून. ‘पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ असं कोणी सांगितलं तर तो चोर समजावा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ग्राहकसेवेच्या नंबरवर अशी तक्रार घेऊन जाऊ नये, पत्रिकेवरचा किंवा तिकिटावरचा पत्ताच वापरावा.

१० डिसेंबरला परतीची प्रक्रिया सुरू झाल्याचा ईमेल गेटवेकडून आला, त्यात परतीचा संदर्भ क्रमांक होता. ‘रिफंड केला’ असं आयोजकाने सांगणं आणि तो खात्यात येणं यात काही कामकाजाचे दिवस जातात. मधल्या काळात ‘आले का, आले का’ विचारत बसण्यापेक्षा हा क्रमांक मागून घ्यायचा. पैसे आले नाहीत तर त्याच क्रमांकावरून आपली बँक शोध घेऊ शकते. खात्यावर जमेची ओळ उमटली तेव्हा रक्कम पैशांसकट जुळवून पाहिली: १,३९७.७९.

नाहीच मिळाले असते, तर पुढची पावलं मी ठरवून ठेवली होती. पत्रातली १२ तारीख त्यासाठीच होती. मुदत न घातलेली विनंती किती दिवस पडून राहिली तरी तिला उशीर झाला असं म्हणता येत नाही. त्यानंतर आधी ॲपमधून त्या यूटीआरवर वाद नोंदवला असता आणि शाखेत त्याची प्रत दिली असती. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि अगदीच वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे दाखल करण्याचं शुल्क नाही. चौदाशे रुपयांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा घालणं परवडणारं नाही, हे मलाही कळतं. पण या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारतात: आयोजकांना लेखी कळवलंत का, कधी, आणि त्यांचं उत्तर काय आलं? फोनवर कितीही बोललो तरी त्याचा कागद होत नाही. म्हणून काकांशी झालेल्या प्रत्येक बोलण्यानंतर मी त्याच ईमेलच्या साखळीत दोन ओळी टाकत होते: आज आपलं असं बोलणं झालं, आपण पूर्ण रक्कम गेटवेमार्फत परत करण्याचं मान्य केलंत, आभारी आहे.

पैसे मिळाल्यावर शेवटचं पत्र लिहिलं. रक्कम, जमा झाल्याची तारीख, परतीचा संदर्भ क्रमांक, आणि ‘या व्यवहाराबाबत माझी आता कोणतीही मागणी नाही’ हे वाक्य. काकांना फाइलला लावायला ते हवंच होतं. त्यातच एक विनंती केली, की संकेतस्थळावरचा तो संदेश बदलावा. ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ याऐवजी ‘बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. पैसे वजा झाले असल्यास पुन्हा भरू नका, अर्ध्या तासाने बुकिंग तपासा’ असं लिहावं, आणि तेवढा वेळ खुर्च्या धरून ठेवाव्यात. पुतण्याने उत्तर दिलं की संदेश तो लगेच बदलतो, खुर्च्या धरून ठेवण्याचं मात्र पान बनवणाऱ्याशी बोलून पुढच्या वर्षी बघावं लागेल.